आधी मागणी, मग युक्तिवाद

१० जुलै १९८५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांच्या याचिकांवर निकाल दिला. ‘ओल्गा टेलिस विरुद्ध बॉम्बे म्युनिसिपल कॉर्पोरेशन’ या नावाने तो कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतो. अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्कही येतो, असे सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांनी त्यात लिहिले. परीक्षेत एवढे लिहिले तरी गुण मिळतात. मात्र या निकालाची शेवटची पाने फारसे कोणी वाचत नाही. नोटीस न देता फुटपाथवरचे अतिक्रमण काढण्याचा अधिकार देणारे महापालिका कायद्याचे कलम ३१४ न्यायालयाने वैध ठरवले. झोपड्या काढायलाही परवानगी दिली. पावसाळा उलटून महिना जाईपर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबरपर्यंत थांबा, एवढेच सांगितले. १९७६ च्या गणनेत नोंद झालेल्यांना पर्यायी जागा द्यायला सांगितली, पण ती मिळाल्याशिवाय हटवू नका, अशी अट घातली नाही. याचिकाकर्त्यांचे तत्त्व मान्य झाले आणि जागा मात्र गेली.

तत्त्व आणि प्रत्यक्ष हाती पडणारा आदेश यांत किती अंतर असते, हे ज्याला कळले त्याला मूट कोर्टात काय बोलायचे हे निम्मे कळले. विधी महाविद्यालयांत मूट म्हणजे अभिरूप न्यायालय. आयोजक एक काल्पनिक वाद लिहून देतात. प्रत्येक संघात साधारणपणे दोन वक्ते आणि एक संशोधक असतो. संघ आधी लेखी बाजू देतो, तिला मेमोरियल म्हणतात. मग ठरलेल्या मिनिटांत तोंडी युक्तिवाद होतो. पीठावर प्राध्यापक, वकील, कधी निवृत्त न्यायाधीश बसतात आणि वक्त्याला मध्येच अडवून प्रश्न विचारतात. हा तोंडी युक्तिवाद बहुतेक विद्यार्थी वक्तृत्व स्पर्धेच्या भाषणासारखा लिहितात: आरंभी घटनेचा गौरव, मध्ये निकालांची रांग आणि शेवटी ‘न्याय मिळावा’. दुसऱ्याच मिनिटाला पीठ विचारते, “तुम्हाला नेमके काय हवे आहे?” आणि पाठ केलेले सगळे तिथेच अडते.

माझ्या मते तोंडी युक्तिवादाची स्क्रिप्ट शेवटच्या परिच्छेदापासून लिहायला घ्यावी. आधी प्रार्थना, म्हणजे न्यायालयाकडची मागणी. मग त्या मागणीला पुरतील एवढेच मुद्दे. आणि मग त्या मुद्द्यांना लागतील तेवढेच पूर्वनिर्णय. हे एका प्रकरणावर करून पाहू.

या लेखापुरता असा वाद घ्या. महाराष्ट्रातल्या एका महानगरपालिकेच्या हद्दीत, रेल्वे स्थानकापासून १२० मीटरवरच्या रस्त्यावर ६० भाजी-फळ विक्रेते अनेक वर्षे बसतात. रस्ता पालिकेचा आहे, रेल्वेचा नाही. एका सकाळी अतिक्रमणविरोधी पथक येते. नोटीस नाही, पंचनामा नाही. हातगाड्या, वजनकाटे आणि माल ट्रकमध्ये भरून नेला जातो. पालिका महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २३१ कडे बोट दाखवते. रस्त्यावर मांडलेली वस्तू नोटीस न देता हटवण्याचा अधिकार त्या कलमात आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याखाली करायचे सर्वेक्षण पालिकेने सुरू केले, पण पुरे केले नाही, त्यामुळे एकाही विक्रेत्याकडे विक्री प्रमाणपत्र नाही. विक्रेते अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात आले आहेत आणि आपण त्यांच्या बाजूने उभे आहोत.

मागणीची छाटणी

अशा वादात विद्यार्थ्यांच्या पहिल्या मसुद्यात सहसा पाच मागण्या असतात. विक्रेत्यांना त्याच जागी बसण्याचा कायमचा हक्क द्यावा. कलम २३१ घटनाबाह्य ठरवावे. हटवण्याआधी त्यांचे म्हणणे ऐकावे. प्रत्येकाला पन्नास हजार रुपये भरपाई द्यावी. पालिकेची कारवाई बेकायदा ठरवावी. प्रत्येक मागणीपुढे एकच प्रश्न लिहायचा: हे न्यायालय मला हे देऊ शकते का, आणि कशाच्या आधारावर?

पहिली मागणी लगेच गळते. १९८९ च्या ‘सोदान सिंग विरुद्ध नवी दिल्ली महापालिका समिती’ या निकालात पाच न्यायमूर्तींनी रस्त्यावर विक्री करणे हा अनुच्छेद १९(१)(छ) खालचा हक्क मानला, पण अमुकच एका जागी बसण्याचा हक्क कोणालाही नाही, हेही तिथेच स्पष्ट केले. म्हणजे ज्या निकालाचा आधार घ्यायचा, त्याच्याच विरुद्ध ही मागणी जाते. दुसरी मागणीही टिकत नाही, कारण कलम २३१ आणि मुंबईचे कलम ३१४ एकाच धाटणीचे आहेत आणि ३१४ ला ओल्गा टेलिसने वैध ठरवले आहे. त्या निकालाने एवढेच सांगितले की नोटीस टाळण्याचा अधिकार अपवाद म्हणून आणि वाजवी कारणासाठी वापरावा. कलम पाडून मागण्यापेक्षा त्याचा वापर गैर झाला असे म्हणणे सोपेही आहे आणि खरेही.

तिसरी मागणी सर्वांत निर्धोक वाटते, आणि खरा सापळा तिथेच आहे. ओल्गा टेलिसमध्ये न्यायालयाने मान्य केले की हटवण्याआधी म्हणणे मांडायची संधी साधारणपणे द्यायलाच हवी. मग ते पुढे म्हणाले की आयुक्तांनी नाकारलेली ती संधी आम्हीच याचिकाकर्त्यांना भरपूर दिली आहे, तेव्हा आता वेगळ्या सुनावणीची गरज उरली नाही. ज्याची मागणी फक्त ‘आमचे ऐका’ एवढीच आहे, त्याला पीठ हसतमुखाने म्हणू शकते, “वकीलसाहेब, इतका वेळ आम्ही तुमचेच ऐकतो आहोत.” सुनावणीच्या पलीकडचे काहीतरी कायद्यातून मागावे लागते, आणि ते २०१४ च्या कायद्यात आहे.

भरपाईची मागणीही अवघड आहे. कोणाचा किती माल गेला यावर दोन्ही बाजूंचे मतभेद असणार आणि पुरावा नोंदवण्याचे काम उच्च न्यायालय रिट याचिकेत सहसा करत नाही. आकडा मागण्याऐवजी मालाची यादी करून तो परत करा आणि नुकसानीची चौकशी एका अधिकाऱ्याकडून ठराविक मुदतीत करून घ्या, अशी मागणी पीठाला देता येण्याजोगी आहे. पाचवी मागणी टिकते, पण कारवाई कोणत्या कलमाविरुद्ध झाली हे तिच्यात लिहावे लागेल.

एवढी छाटणी झाली की मुद्दे आपोआप समोर येतात.

मुद्दे: कुठला आधी

२०१४ चा कायदा म्हणजे पथविक्रेता (उपजीविका संरक्षण व पथविक्री विनियमन) अधिनियम. तो १ मे २०१४ पासून लागू आहे. त्याच्या कलम ३ चे पोटकलम (३) आपल्या वादाचा कणा आहे. सर्वेक्षण पूर्ण होऊन सर्व विक्रेत्यांना प्रमाणपत्र मिळेपर्यंत कोणत्याही पथविक्रेत्याला हटवायचे किंवा दुसरीकडे हलवायचे नाही, असे ते सांगते. कलम ३३ म्हणते की दुसऱ्या कायद्यातली तरतूद या कायद्याशी विसंगत असेल तर हा कायदा वरचढ. म्हणजे कलम २३१ ला घटनेच्या नावाने आव्हान देण्याची गरजच नाही; ते या प्रसंगी वापरता आले नसते, एवढेच दाखवायचे.

तरीही दहापैकी आठ संघ अनुच्छेद २१ पासून सुरुवात करतील. ते वाक्य ऐकायला भारदस्त असते. पण थेट लागू पडणारे कलम हाताशी असताना घटनेच्या मोठ्या शब्दांनी आरंभ केला, तर वक्त्याने कायदा वाचलेला नाही, अशी पीठाची समजूत होते. अनुच्छेद २१ हवाच, पण आधार म्हणून: संसदेने हे कलम का घातले आणि त्याचा अर्थ विक्रेत्याच्या बाजूने का लावावा, हे सांगायला.

आता प्रत्येक मुद्दा एका वाक्याच्या प्रश्नात मांडायचा. एक: कायद्याच्या कलम २० मध्ये तक्रार निवारण समिती असताना ही याचिका चालते का? दोन: सर्वेक्षण अपुरे असताना झालेली कारवाई कलम ३(३) च्या विरुद्ध आहे का? तीन: यादी न करता माल उचलणे कलम १९ मध्ये बसते का? पहिला मुद्दा मिनिटभरात उरकायचा. ‘व्हर्लपूल विरुद्ध ट्रेडमार्क रजिस्ट्रार’ या १९९८ च्या निकालाने सांगितले आहे की दुसरा उपाय उपलब्ध असला तरी मूलभूत हक्क, नैसर्गिक न्याय किंवा अधिकारकक्षा यांचा भंग झाला असेल तर रिट चालते. इथे मान्य वस्तुस्थितीवरच नोटीस दिलेली नव्हती. एवढे बोलून पुढे जायचे. दुसऱ्या मुद्द्याला वेळेचा मोठा वाटा. तिसरा सहवक्त्याकडे.

पंधरा मिनिटांचा वेळ असेल तर स्क्रिप्ट सात मिनिटांत वाचून संपेल एवढीच लिहावी. उरलेला वेळ पीठाचा असतो. प्रश्न आलेच नाहीत तर वेळ शिल्लक ठेवून बसायलाही हरकत नाही; वेळेच्या आत संपवलेल्या युक्तिवादाला पीठ कमी लेखत नाही.

पहिल्या वक्त्याचा आरंभ असा असू शकतो:

“मा. न्यायालयाच्या अनुमतीने, मी याचिकाकर्त्यांच्या वतीने उभी आहे. मी नऊ मिनिटांत याचिका का चालते आणि पालिकेची कारवाई कलम ३(३) विरुद्ध कशी आहे, हे मांडेन. जप्त मालाविषयी माझे सहकारी सहा मिनिटे बोलतील. प्रत्युत्तरासाठी दोन मिनिटे राखून ठेवावीत, अशी विनंती आहे. वस्तुस्थिती न्यायालयाला ज्ञात असेल तर मी थेट पहिल्या मुद्द्यावर येते.”

यात घटनेची स्तुती नाही, अशिलांच्या हालांचे वर्णन नाही. कोण, काय, किती वेळ एवढेच आहे. वस्तुस्थिती सांगायला पीठाने सांगितलेच, तर तीन वाक्ये तयार ठेवायची: किती विक्रेते, कोणत्या रस्त्यावर, कोणत्या दिवशी काय उचलले.

दुसऱ्या मुद्द्याचा स्क्रिप्टमधला तुकडा चार पायऱ्यांनी लिहावा, पण पायऱ्या ऐकू येता कामा नयेत. आधी उत्तर, मग कलमाचे शब्द, मग वस्तुस्थिती, मग पूर्वनिर्णय:

“आमचे म्हणणे आहे की ही कारवाई करण्याचा अधिकारच त्या दिवशी पालिकेला नव्हता. कलम ३ चे पोटकलम (३) सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत हटवण्यास मनाई करते. ते आमच्या संकलनाच्या चौथ्या पानावर आहे. सर्वेक्षण अपूर्ण आहे हे पालिकेने आपल्या उत्तरात कबूल केले आहे. कलम २३१ विषयी पालिकेचे म्हणणे पूर्ण मान्य केले, तरी कलम ३३ मुळे २०१४ चा कायदाच वरचढ राहतो.”

शेवटचे वाक्य नीट पाहा. समोरच्याचे सर्वांत जोरदार म्हणणे घटकाभर मान्य करून तरीही आपण जिंकतो, असे ते दाखवते. पीठाच्या मनातली शंका प्रश्न होण्याआधीच तिला उत्तर मिळते.

पूर्वनिर्णय

निकालाचे नाव घेणे म्हणजे निकाल सांगणे असा विद्यार्थ्यांचा समज असतो. एका दमात सात नावे येतात. त्यातल्या एकावर जरी पीठाने विचारले, “तिथे वस्तुस्थिती काय होती?” तर वक्ता संशोधकाकडे पाहतो, आणि मूटमध्ये संशोधकाने फारतर चिठ्ठी सरकवायची असते. त्यापेक्षा दोनच निकाल घ्यावेत आणि त्या दोन्हींची पाने स्वतः वाचलेली असावीत. प्रत्येक निकालाविषयी चार गोष्टी तोंडावर हव्यात: किती न्यायमूर्तींचे पीठ, कोणाविरुद्ध कोण आणि कशावरून, नेमके काय ठरले, आणि शेवटी कोणाला काय मिळाले. चौथी गोष्ट राहून जाते, आणि ओल्गा टेलिसच्या बाबतीत तीच सगळ्यांत महत्त्वाची आहे.

आपल्या वादात खरी अडचण अशी की पाच न्यायमूर्तींचे दोन निकाल वेगवेगळ्या सुरात बोलतात. ओल्गा टेलिस उपजीविकेला अनुच्छेद २१ शी जोडतो. सोदान सिंग म्हणतो की व्यापार-धंद्याच्या हक्काचा अनुच्छेद २१ शी जवळचा संबंध नाही, आणि ओल्गा टेलिसची वस्तुस्थिती वेगळी होती. दोन्ही पीठे सारख्याच आकाराची, त्यामुळे एकाने दुसऱ्याला रद्द केले असे म्हणता येत नाही. अनेक संघ सोदान सिंगचे नावच घेत नाहीत, समोरच्याने काढले तर पाहू म्हणतात. हे चुकीचे आहे. वकिलाने आपल्याविरुद्ध जाणारा बंधनकारक निकाल न्यायालयापासून लपवू नये, हा व्यवसायाचा धर्म आहे. आणि व्यवहार म्हणून पाहिले तरी आपण सांगितलेला विरोधी निकाल निम्मा निकामी होतो.

स्क्रिप्टमध्ये त्याला असे सामोरे जाता येईल: “सोदान सिंगचा निकाल आमच्या लक्षात आहे. त्यात विक्रेते ठराविक जागेचा कायमचा हक्क मागत होते. आम्ही जागा मागत नाही. हटवण्याआधी संसदेने ठरवलेला क्रम पाळावा, एवढेच मागतो. आणि सोदान सिंगच्या वेळी २०१४ चा कायदा अस्तित्वात नव्हता.” इथे पहिल्या मागणीची छाटणी कामाला आली. ती मागणी कागदावर राहिली असती, तर ‘आम्ही जागा मागत नाही’ हे वाक्य बोलताच आले नसते.

मग ते १२० मीटर. वाद लिहिणाऱ्याने हा आकडा उगाच दिलेला नसतो. ‘महाराष्ट्र एकता हॉकर्स युनियन’च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००३ मध्ये मुंबईसाठी काही अटी घातल्या, रेल्वे स्थानक आणि महापालिका मंडई यांच्यापासून १५० मीटरच्या आत विक्री नाही, ही त्यातली एक. २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही मुंबईत ही बंदी कायम धरली. आपले विक्रेते त्या रेषेच्या ३० मीटर आत आहेत. ही अट मुंबईच्या योजनेपुरती होती आणि आपली पालिका वेगळी आहे, हे पहिले उत्तर. २०१४ च्या कायद्यानंतर विक्रीबंद क्षेत्र नगर पथविक्रेता समितीच्या शिफारशींवरून आराखड्यातून ठरवायचे आहे, हे दुसरे. पण दोन्ही उत्तरे पीठाने नाकारली तर? तेव्हा युक्तिवाद ताणत बसण्यापेक्षा मागणीत दुरुस्ती करावी: निदान १५० मीटरच्या बाहेर, त्याच प्रभागात, सर्वेक्षण पुरे होईपर्यंत आमच्या अशिलांना अडवू नये. याला पर्यायी प्रार्थना म्हणतात. ती मेमोरियलमध्ये आधीपासून लिहिलेली असावी. ऐनवेळी सुचलेली पर्यायी मागणी माघार घेतल्यासारखी वाटते.

आणखी एक सापळा अलीकडचा आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यायमूर्ती भूषण गवई आणि के. व्ही. विश्वनाथन यांच्या पीठाने बांधकामे पाडण्याविषयी देशभरासाठी निर्देश दिले. त्यात किमान १५ दिवसांच्या नोटिशीचा नियम आहे. विद्यार्थ्यांना तो मोठा आधार वाटतो. पण रस्ता, फुटपाथ अशा सार्वजनिक जागेवरच्या अनधिकृत बांधकामांना हे निर्देश लागू नाहीत, असे त्याच निकालात लिहिलेले आहे. आपला वाद रस्त्यावरचाच आहे. हा निकाल आपल्या स्क्रिप्टमध्ये आला तर समोरचा वक्ता तेवढा एक परिच्छेद वाचेल आणि आपल्या बाकीच्या निकालांवरचाही पीठाचा विश्वास कमी होईल.

प्रश्नांची तयारी याच कागदावर करायची. पानाच्या मधोमध उभी रेघ मारावी: डाव्या बाजूला विधान, उजव्या बाजूला त्या विधानावर येणारा सर्वांत कठीण प्रश्न, त्याचे एका ओळीतले उत्तर आणि संकलनातल्या पानाचा क्रमांक. आपल्या वादात हमखास येणारा प्रश्न आणि त्याचे दोन प्रकारचे उत्तर पाहा.

“तुमच्या अशिलांकडे विक्री प्रमाणपत्र आहे का?”

“न्यायमूर्ती महोदय, मी सांगू इच्छितो की २०१४ चा कायदा हा कल्याणकारी कायदा आहे आणि त्याचा उद्देश...”

“प्रमाणपत्र आहे की नाही?”

इथे वक्त्याने बचावासाठी घेतलेली तीन सेकंदे त्याला महागात पडली. नको असलेले उत्तर टाळतोय हे पीठाने ओळखले आणि आता पुढची प्रत्येक गोष्ट ते संशयाने ऐकणार. तोच प्रश्न दुसरीला विचारला:

“नाही, महोदय. एकाकडेही नाही. सर्वेक्षण पूर्ण न झाल्याने ते कोणालाच मिळू शकलेले नाही, आणि नेमक्या याच काळासाठी कलम ३(३) आहे. प्रमाणपत्र नसणे हा पालिकेच्या विलंबाचा परिणाम आहे. तो तिला आमच्याविरुद्ध वापरता येणार नाही.”

आधी ‘हो’ किंवा ‘नाही’, मग कारण, मग जिथे थांबलो होतो तिथे परत. हा क्रम मनात पक्का असला की घाबरलेल्या वक्त्यालाही सावरता येते. उत्तर खरोखर माहीत नसेल तर या मुद्द्यावर सध्या मदत करता येत नाही, असे सांगून पुढे जावे. बनवलेले उत्तर पीठावरच्या वकिलाला दुसऱ्या वाक्यात कळते.

शेवटचे मिनिट

प्रार्थना बोलायला चाळीस-पन्नास सेकंद लागतात आणि तेवढ्यासाठी स्क्रिप्टचे शेवटचे पान वेगळे ठेवावे, बाकीच्या पानांत मिसळू नये. न्यायालयाचा कर्मचारी म्हणून बसलेला विद्यार्थी ‘१ मिनिट’ असा कागद दाखवतो, तेव्हा वक्ता बहुधा एखाद्या प्रश्नात गुंतलेला असतो. तो प्रश्न संपवायचा आणि सरळ या पानावर यायचे, मधले कितीही राहिलेले असो. वेळ संपलीच तर परवानगी मागायची: “वेळ संपल्याची जाणीव आहे, प्रार्थना सादर करण्यासाठी अर्ध्या मिनिटाची अनुमती असावी.” ती सहसा मिळते. परवानगी मागितल्याशिवाय बोलत राहणाऱ्याचे मात्र गुण जातात.

आपली प्रार्थना आता अशी उभी राहते:

“वरील कारणांसाठी याचिकाकर्त्यांची मा. न्यायालयाकडे विनम्र प्रार्थना आहे की, एक, पालिकेची कारवाई पथविक्रेता अधिनियमाच्या कलम ३ पोटकलम (३) विरुद्ध असल्याचे जाहीर करावे. दोन, पालिकेने चार महिन्यांत सर्वेक्षण पूर्ण करून प्रमाणपत्रे द्यावीत आणि तोपर्यंत याचिकाकर्त्यांना हटवू नये. पर्यायाने, तोपर्यंत त्याच प्रभागात स्थानकापासून १५० मीटरच्या बाहेर त्यांना विक्री करू द्यावी. तीन, जप्त मालाची यादी करून शिल्लक माल आणि हातगाड्या एका आठवड्यात परत कराव्यात आणि झालेल्या नुकसानीची चौकशी सक्षम अधिकाऱ्याकडून आठ आठवड्यांत करून घ्यावी. आणि न्याय्य वाटेल तो अन्य आदेश द्यावा.”

यातल्या प्रत्येक क्रियापदाचा कर्ता ठरलेला आहे आणि मुदतही आहे. ‘विक्रेत्यांचे हक्क जपावेत’ असे एकही वाक्य नाही, कारण तसा आदेश पालिकेच्या अधिकाऱ्याच्या टेबलावर गेला तर सोमवारी सकाळी नेमके काय करायचे हे त्याला कळणार नाही. शेवटचे ‘अन्य आदेश’ हे वाक्य प्रथेचे आहे आणि ते असू द्यावे, पण राहिलेल्या मागण्या त्याच्या भरवशावर सोडू नयेत. मागणी क्रमांक दोनचा आधार मुद्दा दोनमध्ये आहे, तीनचा मुद्दा तीनमध्ये. कलम १९ मध्ये जप्तीच्या वेळी यादी करून सहीनिशी प्रत विक्रेत्याला द्यायची तरतूद आहे. नाशवंत माल दावा केल्याच्या दिवशी आणि इतर माल दोन कामकाजाच्या दिवसांत परत करायचा आहे. म्हणून ती तिसरी मागणी भीक वाटत नाही. एखाद्या मागणीला मागे मुद्दा सापडत नसेल तर ती काढून टाकायची. एखाद्या मुद्द्यातून कोणतीच मागणी निघत नसेल तर तो मुद्दाही.

पालिकेच्या बाजूने उभा राहणारा संघ हीच पद्धत उलट्या दिशेने वापरतो. त्यांची पहिली मागणी याचिका फेटाळावी ही असेलच, पण तिथेच थांबणारा वक्ता पीठाला एकच पर्याय देतो. जाणता वक्ता पुढे म्हणतो की कलम ३(३) चा भंग झाला असे न्यायालयाला वाटलेच, तर आदेश सर्वेक्षणाच्या मुदतीपुरता ठेवावा, त्या रस्त्यावरून रुग्णवाहिका आणि अग्निशमन गाडी जाईल एवढी जागा मोकळी ठेवण्याचा पालिकेचा अधिकार अबाधित ठेवावा, आणि सर्वेक्षणासाठी चारऐवजी सहा महिने द्यावेत. पीठ याचिकाकर्त्यांकडे वळून विचारते, “सहा महिन्यांना तुमची हरकत आहे का?” आणि प्रत्युत्तराच्या दोन मिनिटांतले पहिले मिनिट या प्रश्नाला जाते. राहिलेल्या एका मिनिटात एकच मुद्दा मांडायचा, तोही समोरच्याने आज जे बोलले त्यावरचा; मेमोरियलमधले काही पुन्हा वाचायचे नाही, आणि प्रार्थनाही पुन्हा म्हणायची नाही.